सोलरचे कोटेशन वाचताना

गच्चीवर सोलर बसवायचे ठरले की हातात पहिला कागद येतो तो कोटेशनचा. त्यावर सर्वांत ठळक अक्षरात असते ती अनुदान वजा जाता उरलेली रक्कम, आणि तिच्या खाली ‘दोन वर्षांत पैसे वसूल, पंचवीस वर्षे वॉरंटी’ अशी एक ओळ. बहुतेक घरांत चर्चा या दोन आकड्यांभोवतीच होते आणि सहीसुद्धा त्यांच्याच भरवशावर होते. खरे तर हा कागद एकट्याने वाचायचा नसतोच. त्याच्या शेजारी घराचे वीजबिल ठेवले तरच त्याचा अर्थ लागतो. किती किलोवॅटचा प्रकल्प बसवायचा, तो किती वर्षांत फिटेल आणि नेट मीटरिंगचा आपल्याला नेमका किती उपयोग होईल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बिलात असतात.

एक उदाहरण घेऊ. सांगलीत स्वतःचे घर असलेले एक चौकोनी कुटुंब आहे, वीज महावितरणची, सिंगल फेज. मागच्या बारा महिन्यांचा वापर मिळून ४,२०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३५०. उन्हाळ्यात एसीमुळे आकडा वर जातो, थंडीत खाली येतो. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे ही बेरीज कोणालाही पाच मिनिटांत करता येते. या कुटुंबापुढे दोन कोटेशने आहेत, एक ३ किलोवॅटचे आणि एक ५ किलोवॅटचे.

कोटेशनमधल्या ओळी

३ किलोवॅटच्या कोटेशनमध्ये पहिली ओळ अशी: ५४० वॅटचे ६ पॅनेल, एकूण ३.२४ किलोवॅट, आणि ३ किलोवॅटचा ऑन-ग्रीड इन्व्हर्टर. पॅनेलची एकूण क्षमता इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त असणे चुकीचे नाही. पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात. ते २५ अंश तापमान आणि ठराविक प्रखर प्रकाश धरून काढलेले असतात. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते आणि प्रत्येक वाढत्या अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. म्हणजे भर उन्हात ५४० वॅटचा पॅनेल पावणेपाचशेच्या आसपास येतो. मात्र अनुदान ठरवताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी असेल ती धरतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट पॅनेलच्या प्रकाराची. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्य घर’ योजनेत अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. व्हेंडर मंडळी त्यांना ‘डीसीआर पॅनेल’ म्हणतात. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात. म्हणून एखादे कोटेशन बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस हजारांनी कमी दिसले तर आधी हीच ओळ तपासावी. कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि ‘डीसीआर’ हे तिन्ही लिहिलेले हवेत. नुसते ‘नामांकित कंपनीचे पॅनेल’ चालणार नाही.

तिसरी ओळ सांगाड्याची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकायचे तर त्यांना धरून ठेवणारे लोखंडही तेवढे टिकले पाहिजे. तयार भाग जस्ताच्या वितळलेल्या रसात बुडवून काढलेला सांगाडा आणि आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून कापून वेल्डिंग केलेला सांगाडा यांत मोठा फरक असतो. दुसऱ्या प्रकारात कापलेल्या आणि जोडलेल्या जागा उघड्या राहतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. किनारपट्टीवर तर हे दोन-तीन पावसाळ्यांतच दिसू लागते. सांगाडा गच्चीला कसा बसवणार हेही विचारावे. स्लॅबला छिद्रे पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंग पुन्हा करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर यावे.

सांगाडा कुठे उभा करायचा हे ठरताना सावलीचा विचार व्हायला हवा. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, म्हणून पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी पूर्ण माळेची वीज घटू शकते. सर्वांत लांब सावल्या डिसेंबरात पडतात. पाहणीला माणूस मे महिन्यात आला असेल तर डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी चारला सावली कुठे येईल, हे त्याला दाखवायला सांगावे.

यापुढे केबल, पॅनेलकडचा आणि घराकडचा असे दोन संरक्षक बॉक्स, वीज पडण्यापासून संरक्षण आणि अर्थिंग या ओळी येतात. अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे असणे ही चांगल्या कामाची साधी खूण आहे: पॅनेल आणि सांगाड्यासाठी एक, इन्व्हर्टरच्या घराकडच्या बाजूसाठी एक आणि लाइटनिंग अरेस्टरसाठी एक.

आता रक्कम. मूळ किंमत १,७९,००० रुपये, त्यावर जीएसटी १५,९३१, एकूण १,९४,९३१. हा जीएसटी ८.९ टक्के येतो, कारण अशा कामात सत्तर टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५ टक्के आणि तीस टक्के रक्कम सेवेची धरून तिच्यावर १८ टक्के कर लागतो. साहित्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणून नव्या कोटेशनमध्ये अजूनही १३.८ टक्के लावलेले दिसले तर ते दुरुस्त करून घ्यावे. या उदाहरणात तो फरक पावणेनऊ हजारांचा आहे.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून ७८,००० रुपये मिळते. त्यापुढे कितीही मोठा प्रकल्प बसवला तरी घरगुती ग्राहकाला यापेक्षा जास्त मिळत नाही. शिवाय ही रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते. म्हणजे कोटेशनवर ‘तुमचा खर्च १,१६,९३१’ असे लिहिले असले तरी आधी १,९४,९३१ रुपयांची सोय तुम्हालाच करावी लागते, रोखीने किंवा कर्जाने. वीजबिल आजोबांच्या नावावर आणि बँक खाते नातवाचे, अशी स्थिती असेल तर अर्ज अडकतो. pmsuryaghar.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करण्याआधी बिलावरचे नाव बदलून घेतलेले बरे.

नेट मीटर काय मोजतो

नेट मीटरबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज पहिल्या बिलाबरोबर येतो. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर महिन्याची निर्मिती ३६० युनिट दिसते, बिलावर मात्र निर्यात २२० च दिसते. ‘आमचे १४० युनिट गेले कुठे?’ अशी तक्रार घेऊन लोक महावितरणच्या कार्यालयात जातात. ते युनिट कुठेही गेलेले नसतात. दिवसा घरात फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन चालू असताना सोलरची वीज आधी तिथे वापरली जाते, आणि उरलेलीच मीटरमधून बाहेर जाते. नेट मीटर घराच्या दारात बसलेला असतो. आत आलेली वीज तो आयात म्हणून आणि बाहेर गेलेली निर्यात म्हणून नोंदवतो. घरातल्या घरात वापरली गेलेली वीज त्याला दिसतच नाही.

हाच महिना पूर्ण मांडू. निर्मिती ३६०, निर्यात २२०, म्हणजे दिवसा घरात थेट वापरले १४०. रात्री आणि पहाटे महावितरणकडून घेतले २१०. घराचा खरा वापर १४० अधिक २१०, म्हणजे ३५०. बिलासाठी मात्र २१० मधून २२० वजा होतात. या महिन्यात आकारणीला एकही युनिट उरत नाही आणि १० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा होतात. तरी बिल शून्य येत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क भरावेच लागते. ‘शून्य बिल’ असे छापलेले कोटेशन पाहिले की हे आठवावे.

जमा युनिट वर्षभर पुढे जात राहतात, पण वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष. एप्रिल-मेच्या उन्हात साठलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येतात, ही या पद्धतीची खरी ताकद आहे. ३१ मार्चला मात्र खाते बंद होते. तोवर न वळते झालेले युनिट महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने वितरण कंपनी विकत घेते आणि १ एप्रिलला जमा पुन्हा शून्यापासून सुरू होते. विकत घेण्याचा हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

ज्यांची आकारणी दिवसाच्या वेळेनुसार होते त्यांच्यासाठी एक अट आणखी आहे. त्या ग्राहकांची निर्यात आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा होते, त्यामुळे दुपारचा प्रत्येक युनिट रात्रीच्या महाग युनिटची जागा घेईलच असे नाही. या अटी आयोगाच्या आदेशानुसार बदलतात. आपल्या जोडणीला आज कोणती पद्धत लागू आहे हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून मगच हिशोब करावा. ज्यांना ही अट लागू असेल त्यांनी वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी चालवण्याची सवय लावली तर त्याचा थेट फायदा होतो.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही. वीज गेली की ऑन-ग्रीड सोलरही बंद पडते, भर दुपारी लख्ख ऊन असले तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला घराघरांतून उलट वीज जाऊ नये म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे. भारनियमनावर उपाय म्हणून सोलर घ्यायचे असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागेल आणि त्याचा हिशोब अगदी वेगळा होईल.

पैसे कधी फिटतात

विक्रेत्याच्या कागदावर परतफेड बहुधा अशी काढलेली असते: एका किलोवॅटला रोज ४ युनिट, म्हणजे ३.२४ किलोवॅटला वर्षाला सुमारे ४,७३० युनिट. त्यांना बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर, समजा साडेपंधरा रुपये, लावला की ७३,००० रुपयांची बचत होते आणि दीड-पावणेदोन वर्षांत पैसे फिटतात. यात दोन चुका आहेत. धूळ, पावसाळा, उष्णता आणि तारांमधली घट धरली तर वर्षभराचा भरवशाचा आकडा ३,९०० युनिटच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. आणि सगळे युनिट वरच्या दराने वाचत नाहीत.

टप्प्यांचा हा मुद्दा नीट समजून घ्यावा. सोलर आधी वरच्या टप्प्यातले महाग युनिट खाते, मग मधले, आणि शेवटी पहिल्या शंभरातले स्वस्त युनिट. हिशोबासाठी वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना ६ रुपये, १०१ ते ३०० ला साडेअकरा आणि ३०१ ते ५०० ला साडेपंधरा असे दर घेऊ. वाचकांनी आपल्या बिलावरचे ताजे दर घालावेत. ३५० युनिटचे ६००, २,३०० आणि ७७५ मिळून ३,६७५ रुपये होतात. १३० रुपये स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवले की बिल ४,४१४. सोलरनंतर महिन्याला सरासरी ३२५ युनिट वळते झाले तर २५ युनिट आणि स्थिर आकार एवढेच उरतात आणि बिल येते ३२५ रुपये. महिन्याची बचत सुमारे ४,१००, वर्षाची ४९,०००. पॅनेल धुण्याचा खर्च आणि मार्चअखेर स्वस्तात जाणारे थोडे युनिट वजा करून आपण ४५,००० धरू. १,१६,९३१ ला ४५,००० ने भागले की अडीच वर्षांहून थोडे जास्त येतात. कर्ज काढले तर व्याज धरून तीन वर्षांच्या आसपास. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्यासाठी तीसेक हजार बाजूला ठेवावेत. एवढे करूनही हा व्यवहार चांगलाच आहे.

आता ५ किलोवॅटचे कोटेशन पाहू. किंमत जीएसटीसह २,९९,४७५, म्हणजे १,०४,५४४ रुपये जास्त, आणि अनुदान तेवढेच. वरच्या दोन किलोवॅटमधून वर्षाला २,६०० युनिट मिळतील, पण घराची गरज भागायला त्यांतले ३०० च पुरतात, तेही पहिल्या टप्प्यातले स्वस्त. उरलेले २,३०० मार्चअखेर विकले जाणार. त्यांना हिशोबासाठी तीन रुपये धरले तर सगळे मिळून वर्षाला ९,००० रुपये हाती येतात. लाखभर रुपये फिटायला साडेअकरा वर्षे लागतात. ‘पुढे वापर वाढेल’ असे सांगून मोठा प्रकल्प गळ्यात मारला जातो. पुढच्या वर्षी खरोखर इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर हे दोन किलोवॅट बँकेतल्या ठेवीपेक्षाही मागे राहतात.

उलट बाजूही आहे. ज्यांचा वापर महिन्याला १५० युनिट आहे त्यांचे बिल याच दरांनी सुमारे १,५०० येते आणि सोलरने वाचतात वर्षाला सोळा हजार. त्यांनी शेजाऱ्याचे पाहून ३ किलोवॅट बसवले तर पैसे फिटायला सात वर्षे लागतील. २ किलोवॅट त्यांना पुरून उरेल. १,३५,००० मधून अनुदानाचे ६०,००० गेले की पाच वर्षांच्या आत ते फिटेल.

वॉरंटी म्हणजे कशाची

‘पंचवीस वर्षे वॉरंटी’ या शब्दांत दोन वेगळ्या वॉरंटी मिसळलेल्या असतात. एक वस्तूची: पॅनेलची काच, चौकट, जोडणी सदोष निघाली तर बदलून मिळेल. ती साधारण १० ते १२ वर्षांची असते. दुसरी कार्यक्षमतेची: पंचवीस वर्षांनंतरही पॅनेल मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के किंवा कंपनीने लिहिलेल्या टक्क्यांइतकी वीज देईल. ही दुसरी मागायची तर पॅनेलची क्षमता चाचणीने सिद्ध करावी लागते, घरमालकाला ते सोपे नाही. बदली पॅनेल आला तरी जुना काढणे, वाहतूक आणि नवा बसवणे हा खर्च बहुतेक वॉरंटींत नसतो. वादळ, गारा, माकडे यांचे नुकसानही नसते. त्यासाठी घराच्या विम्यात सोलरचा समावेश करून घ्यावा लागतो.

इन्व्हर्टरची वॉरंटी वेगळी, ५ ते १० वर्षांची. प्रत्यक्षात सर्वांत आधी बिघडतो तो हाच भाग, म्हणून त्याच्या कंपनीचे सेवाकेंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हे पॅनेलच्या ब्रँडइतकेच महत्त्वाचे. ‘सूर्य घर’ योजनेत व्हेंडरने पाच वर्षे देखभाल करून द्यायची असते. त्यात वर्षाला किती भेटी, आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, हे करारात लिहून घ्यावे. काम झाल्यावर प्रत्येक पॅनेलच्या मागचा सिरियल नंबर आणि इन्व्हर्टरचा नंबर यांची यादी सही-शिक्क्यासह घ्यावी. पॅनेल एकदा चढले की मागची चिकटपट्टी दिसत नाही, म्हणून चढवण्याआधी तिचे फोटो काढावेत. बिल आणि ही यादी नसेल तर वॉरंटीचा कागद असून उपयोग नाही.

बिघाड ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे निरभ्र दिवसाचा आकडा टिपणे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३ किलोवॅटला १२ ते १४ युनिट मिळायला हवेत. आकडा हळूहळू खाली येत गेला तर धूळ. एकदम अर्ध्यावर आला तर सावली किंवा सुटलेली जोडणी. दुपारी बारा ते तीन दरम्यान इन्व्हर्टर वारंवार थांबत असेल आणि पडद्यावर ग्रीडचे व्होल्टेज जास्त असल्याची सूचना येत असेल, तर बहुधा पॅनेल निर्दोष असतात आणि लाइनचे व्होल्टेज वाढलेले असते. ती तक्रार महावितरणकडे करावी. व्हेंडरला दोष देत महिने घालवू नयेत.

सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर येऊ द्या: पॅनेल आणि इन्व्हर्टरचे नेमके मॉडेल, सांगाड्याचा प्रकार आणि उंची, नेट मीटरचा अर्ज, शुल्क आणि पाठपुरावा कोणाकडे, आणि हप्त्यांचे वेळापत्रक. शेवटचा दहा ते वीस टक्क्यांचा हप्ता नेट मीटर बसून प्रकल्प सुरू झाल्यावरच द्यायचा. पॅनेल चढले आणि नेट मीटर आला नाही तर बाहेर जाणाऱ्या विजेचा एक पैसाही तुमच्या बिलात वळता होत नाही. आणि किलोवॅटचा आकडा विक्रेत्याला ठरवू देऊ नका. बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करा, तिला १,३०० ने भागा, आणि जे उत्तर येईल त्याच्या पुढे जाऊ नका.